अकाउंटिंगचे 38 आणि इकॉनॉमीचे 47: उरलेले दोन पेपर एकदम द्यावेत का?

प्रश्न: “मी देवगड तालुक्यात एका सरकारी बँकेच्या शाखेत क्लार्क आहे. मे महिन्यात पहिल्यांदा जेएआयआयबी, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांची चार पेपरांची परीक्षा, दिली. प्रिन्सिपल्समध्ये 56, रिटेलमध्ये 58, इकॉनॉमीत 47 आणि अकाउंटिंगमध्ये 38 आले. दोन पेपर सुटले, दोन राहिले. कुणी म्हणतं 45 चालतात, कुणी म्हणतं 50 च लागतात. ऑक्टोबरच्या परीक्षेला दोन्ही एकदम द्यावेत की एकेक? बीएस्सी केमिस्ट्री आहे, अकाउंट्सचा गंध नाही.”

आधी 45 चं बघू, कारण तुम्हाला सल्ला देणारे दोघेही अर्धे बरोबर आहेत आणि घोटाळा तिथूनच होतो.

या परीक्षेत पास होण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला सरळ आहे: प्रत्येक पेपरात 100 पैकी 50. जो पेपर सुटला तो सुटला, मुदत संपेपर्यंत तो तुमच्या खात्यावर जमा राहतो. दुसरा रस्ता असा की, सगळे पेपर एकाच प्रयत्नात दिले, प्रत्येकात निदान 45 मिळाले आणि सगळ्यांची मिळून सरासरी 50 भरली, तरीही परीक्षा पास. हा दुसरा रस्ता चारही पेपर एकत्र देणाऱ्यासाठी आहे. तुमचे दोन पेपर जमा झाले, त्याबरोबर तो रस्ता बंद झाला. आता इकॉनॉमीत 50 आणि अकाउंटिंगमध्ये 50, दोन्ही स्वतंत्र. रिटेलचे 58 अकाउंटिंगच्या मदतीला येणार नाहीत.

तुमच्याच गुणांवर हे ताडून बघा, म्हणजे डोक्यात बसेल. 56, 58, 47 आणि 38 मिळून 199 होतात. अकाउंटिंगमध्ये 38 ऐवजी 45 असते, तर बेरीज 206 झाली असती, इकॉनॉमीचे 47 चालून गेले असते आणि तुम्ही मे महिन्यातच मोकळे झाला असता. म्हणजे तुमची परीक्षा फक्त सात गुणांनी हुकली, आणि तेही एकाच पेपरातल्या. हे मीठ चोळायला सांगत नाही. शाखेतलं दुसरं कुणी पहिल्यांदा बसणार असेल तर त्याला हे सांगा. पहिल्या वेळी सगळ्यात कच्चा पेपर 45 पर्यंत ओढणं हे पक्का पेपर 65 वर नेण्यापेक्षा जास्त कामाचं असतं. एखादा पेपर जमा झाला की हा हिशेब उरत नाही.

आता जे जमा होतं ते काय, हेही नीट समजून घ्या. जमा होतो तो ‘पास’ हा शिक्का. गुण जमा होत नाहीत. इकॉनॉमीचे 47 पुढच्या वेळी तीन गुण मिळवून 50 होणार नाहीत, तुम्ही परत शून्यापासून सुरू करणार. परीक्षेच्या लेखी 47 आणि 12 सारखेच. तुमच्या लेखी मात्र सारखे नाहीत, कारण 47 वाल्याला काय काय येतं हे त्यातून काढता येतं. ते कसं काढायचं ते मी आमच्या शाखेतल्या पोरांना ज्या रीतीने दाखवते तसंच इथे मांडते.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे कुणीच प्रश्न रिकामा सोडत नाही, न येणाऱ्यालाही काहीतरी टिचकी मारतोच. चार पर्याय असले की नुसत्या अंदाजाने चारातला एक बरोबर येतो. सोयीसाठी 100 प्रश्न आणि प्रत्येकी एक गुण धरू. तुम्हाला खरोखर ठाऊक असलेले प्रश्न 40 असतील, तर उरलेल्या 60 मधून अंदाजाने 15 च्या आसपास येतील, एकूण 55. ठाऊक असलेले 34 असतील, तर 66 मधून साधारण साडेसोळा, एकूण 50 च्या काठावर. उलटा हिशेब केला की तुमचं चित्र दिसतं. 47 येण्यासाठी ठाऊक असलेले प्रश्न 29 च्या आसपास पुरतात. 38 येण्यासाठी जेमतेम 17.

अकाउंटिंगमध्ये तुम्हाला 38 टक्के येतं असं वाटत असेल, तर तसं नाही. 17 टक्के येतं, बाकीचं नशिबाने घातलंय. हा हिशेब ढोबळ आहे. एखाद्या प्रश्नात दोन पर्याय खोडता आले तर अंदाज जास्त लागतो, आणि सगळ्या प्रश्नांना सारखे गुण नसतील तर चढउतार वाढतो. पण दिशा चुकत नाही.

नशिबाचा हा भाग दर वेळी तीन-चार गुणांनी सहज वरखाली होतो. म्हणून 34 वर थांबणारा माणूस म्हणजे नाणेफेक. एकदा 52, एकदा 48. ठाऊक असलेले 40 झाले की मात्र नशीब पाच गुणांनी रुसलं तरी तुम्ही 50 वरच असता. माझ्यासोबत काम केलेल्या एकीला अकाउंटिंगमध्ये लागोपाठ 46, 48 आणि 49 पडले होते. ती म्हणायची, “दर वेळी थोडक्यात जातं.” थोडक्यात काहीच जात नव्हतं. तिला दर वेळी तेवढेच प्रश्न येत होते आणि नाणं वेगळं पडत होतं. चौथ्या वेळी तिने फक्त गणितं केली आणि 57 आले.

तुमचं लक्ष्य म्हणून दोन्ही पेपरांत ‘ठाऊक 40’ धरा. इकॉनॉमीत 29 वरून 40, म्हणजे 11 ची भर. अकाउंटिंगमध्ये 17 वरून 40, म्हणजे 23 ची. एक काम दुसऱ्याच्या दुप्पट आहे.

आता मूळ प्रश्न, एकदम की एकेक. बसायचं दोन्हीला, कारण शुल्क आणि प्रयत्न परीक्षेच्या फेरीला लागतात, एक पेपर दिलात म्हणून अर्धा प्रयत्न मोजत नाहीत. पण अभ्यास दोन्हीचा अर्धा-अर्धा करू नका. सगळ्यात जास्त लोक इथेच बुडतात. 120 तास आहेत म्हणून साठ-साठ तास वाटले, तर इकॉनॉमीला गरजेपेक्षा जास्त मिळतात आणि अकाउंटिंग 33-34 वर अडकतं. तिथून 48 घेऊन परत यायचं. सरासरी मोजणारी परीक्षा असती तर अशी समान वाटणी चालली असती. इथे 50 ची रेघ ओलांडल्यावर वरचा प्रत्येक गुण वाया जातो आणि रेघेखालचाही प्रत्येक गुण वाया जातो.

मी तुमच्या जागी असते तर पावसाचे पहिले पाच आठवडे फक्त इकॉनॉमी केली असती. आठवड्याला आठ तास धरा, दोन-तीन संध्याकाळ आणि रविवार सकाळ. चाळीस तास होतात. मग सराव परीक्षा द्यायच्या, पण एका बदलासह: उत्तर देताना प्रत्येक प्रश्नापुढे कागदावर ‘ठा’ किंवा ‘अं’ लिहायचं. ठाऊक की अंदाज. शेवटी एकूण गुण बघण्याआधी ‘ठा’ मोजायचे, आणि त्यातले किती खरोखर बरोबर आले तेही. ‘ठा’ लिहून चुकलेले प्रश्न हाच तुमचा खरा अभ्यासक्रम. बरोबर आलेले ‘ठा’ सलग तीन वेगवेगळ्या परीक्षांत 42 च्या पुढे गेले की इकॉनॉमीचं पुस्तक मिटा. आठवड्याला तासभर उजळणी पुरे. उरलेले सगळे तास अकाउंटिंगला.

इकॉनॉमीत एक गोष्ट लोक विसरतात. बदलत्या गोष्टींची तारीख ठरलेली असते. ऑगस्ट ते जानेवारीत होणाऱ्या परीक्षांना 30 जूनपर्यंतचे नियम आणि घडामोडी धरतात. फेब्रुवारी ते जुलैमधल्या परीक्षांना आदल्या 31 डिसेंबरपर्यंतच्या. त्यामुळे ऑक्टोबरला बसताना रेपो रेट किंवा रिझर्व्ह बँकेचं एखादं परिपत्रक 30 जूनला जसं होतं तसं लक्षात ठेवायचं. ऑगस्टच्या पतधोरणात दर बदलला आणि तुम्ही काउंटरवर रोज नवा दर सांगताय, तरी पेपरात जुनाच. शिवाय मे महिन्यासाठी काढलेल्या तुमच्या नोट्स सहा महिने शिळ्या आहेत, तेवढ्या पानांवर नवे आकडे लिहून घ्या.

अकाउंटिंगकडे येऊ. बीएस्सी आहे म्हणून घाबरू नका. उलट गणिताच्या भागात तुम्ही बीए वाल्यांच्या पुढे आहात, आणि बीकॉम वाल्यांच्या जुन्या सवयीही तुम्हाला मोडाव्या लागणार नाहीत. अडचण वेगळी आहे. बँकेत बसणारा माणूस खात्याकडे बँकेच्या बाजूने बघतो आणि पेपर बऱ्याचदा ग्राहकाच्या बाजूने विचारतो.

बँक रिकन्सिलिएशनचं उदाहरण घ्या. एका आंबा व्यापाऱ्याच्या कॅशबुकात बँकेचा डेबिट बॅलन्स 50,000 दिसतो. त्याने दिलेले 12,000 चे चेक अजून बँकेत वठायला आलेले नाहीत. त्याने भरलेला 8,000 चा चेक वसूल व्हायचाय. बँकेने 500 चार्जेस कापलेत, ते त्याने लिहिलेले नाहीत. पासबुकात किती? इथे आपल्या डोक्यात पहिलाच गोंधळ होतो, कारण काउंटरवर डेबिट बॅलन्स म्हणजे ओव्हरड्राफ्ट. त्याच्या कॅशबुकात मात्र बँक ही त्याची मालमत्ता, म्हणून डेबिट म्हणजे शिल्लक. एवढं ठरलं की पुढे पाठांतर लागत नाही. शाखेत खातं उघडून समोर बसलाय असं समजा आणि विचारा, हे बँकेला कळलंय का? 12,000 बँकेतून अजून गेलेच नाहीत, म्हणजे पासबुकात ते आहेत, मिळवा. 8,000 बँकेत अजून आलेच नाहीत, वजा करा. 500 बँकेने घेतलेत, वजा करा. 53,500. दोन चेकांची चिन्हं उलटी केली तर 45,500 येतात, आणि असा आकडा पर्यायांत बसवायला पेपर काढणाऱ्याला फार विचार करावा लागत नाही.

असे प्रश्न तुम्ही दहा केले की अकरावा चुकत नाही. म्हणून मी हा भाग आधी घ्यायला सांगते. यात शिकण्याची गोष्ट एकच असते, आणि ती रोज समोरच्या काउंटरवर घडत असते.

दुसरा भाग पैशाच्या काळमूल्याचा, म्हणजे आजची किंमत, हप्ता आणि बाँडची किंमत. सूत्र बघून लोक पानं उलटतात. सूत्र बाजूला ठेवा. पाच वर्षं दर वर्षअखेर 10,000 मिळणार आहेत, व्याजदर 8 टक्के, तर आज त्याची किंमत किती? साध्या दुकानी कॅल्क्युलेटरवर 1 भागिले 1.08 दाबा आणि बरोबरचं बटण पाच वेळा दाबा. दर दाबेला एकेका वर्षाचा आकडा येतो: 0.9259, 0.8573, 0.7938, 0.7350, 0.6806. जीटी बटण असेल तर तेच बेरीज देतं, 3.9927. गुणिले 10,000, म्हणजे 39,927 रुपये. आता उलटा प्रश्न: एक लाखाचं कर्ज 8 टक्क्यांनी पाच समान वार्षिक हप्त्यांत फेडायचं, हप्ता किती? त्याच 3.9927 ने एक लाखाला भागा, 25,046 च्या आसपास. बाँडही हाच हिशेब आहे, पाच वर्षांची कूपन्स याच आकड्याने गुणायची आणि शेवटची मुद्दल 0.6806 ने. एक रांग काढायला शिकलात की तीन प्रकारचे प्रश्न सुटतात.

परीक्षेत कोणता कॅल्क्युलेटर चालतो ते प्रवेशपत्रावरच्या सूचनांत वाचा आणि सराव तशाच यंत्रावर करा. जीटी बटण मिळणार नसेल तर पाच आकडे कच्च्या कागदावर एकाखाली एक लिहून बेरीज मारायची, वीस सेकंद जास्त लागतात. घरी मोबाइलवर सराव करून गेलेली माणसं तिथे बोटं शोधत बसतात. दोन तासांत शंभरेक प्रश्न असतात, त्यामुळे एका गणितावर चार मिनिटं गेली तर तीन सोपे प्रश्न हातचे जातात.

घसारा, चुकांची दुरुस्ती, रेशो आणि खर्चाच्या हिशेबाची मूळ तत्त्वं हे नंतर घ्या. करांचा भाग तुम्हाला थोडा येतो, ठेवींवरच्या व्याजाचा टीडीएस तुम्ही रोज बघता. कंपनीच्या खात्यांचा भाग शेवटी, वेळ उरला तर. तुम्हाला 100 पैकी 100 यायची गरज नाही, 40 पक्के हवेत. एखादा धडा पूर्ण सोडून दिला तरी चालतं. मी सोडला होता.

आता मुदतीचं, कारण जमा झालेले पेपर कायमचे जमा नसतात. पहिल्या नोंदणीपासून तीन वर्षं आणि त्या काळात पाच प्रयत्न. सलग असायला हवेत असं नाही. वर्षाला दोन फेऱ्या धरल्या तर तीन वर्षांत सहा फेऱ्या होतात, त्यातल्या पाचांना बसता येतं. तुमचा एक प्रयत्न झाला. पुढच्या पाच फेऱ्यांत चार प्रयत्न, म्हणजे एक फेरी मोकळी सोडू शकता. ती सोडायचीच असेल तर मेची सोडा. देवगडच्या शाखेत एप्रिल-मे कसा जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. पेट्यांचे पैसे, बागायतदारांची कर्जखाती, मुंबईहून आलेले चाकरमानी आणि त्यांच्या वारसनोंदी. त्या हंगामात रात्री पुस्तक उघडणारा क्लार्क मी बघितला आहे, पण पान उलटणारा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या फेरीआधी गणपतीचे दहा दिवस सोडले तर पावसाळा तुमचाच आहे.

मात्र फॉर्म भरून गैरहजर राहिलात तर तो प्रयत्न गेला असं धरून चाला. सोडायची असेल तर फॉर्मच भरू नका. आणि मुदत संपली तर नव्याने नोंदणी करावी लागते, मग 56 आणि 58 सुद्धा पुसले जातात.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या वेळी तीन पेपर होते, मुदत दोन वर्षांची, प्रयत्न चार, आणि तुम्ही बसलात की नाही हे न बघता प्रयत्न मोजले जायचे. मी पहिल्यांदा दोन पेपर काढले आणि निर्धास्त झाले. एक मे शाखेत माणसं कमी म्हणून गेली, वरिष्ठांनी रजा नाकारली आणि मीही भांडले नाही. पुढच्या वेळी 48. शेवटच्या वेळी केंद्र कोल्हापूरला होतं, आदल्या रात्री गगनबावड्याच्या घाटात दरड आली, आम्ही फोंड्याने वळून पहाटे तीनला पोचलो. 46. दोन्ही जमा पेपर गेले आणि तिन्ही नव्याने द्यावे लागले. नव्याने देताना मात्र तिन्ही एकत्र दिल्यामुळे त्या दुसऱ्या रस्त्याचा फायदा मिळाला, अकाउंटिंगमध्ये 47 पडूनही पास झाले. हा योगायोग होता, योजना नव्हती.

म्हणून दोन गोष्टी या आठवड्यात करा. नोंदणीचा मेल उघडून पहिल्या नोंदणीची तारीख बघा आणि मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. दुसरं, पेपर वेगवेगळ्या दिवशी येतात, बहुतेक शनिवार-रविवारी. केंद्र घाटावर आलं तर दोनदा जावं लागेल. त्या दोन शनिवारांची रजा तारखा जाहीर होताच मॅनेजरकडे लेखी द्या.

पगारवाढीमुळे घाई असेल तर एक विचार करा. क्लार्कला वाढ मिळते ती सगळे पेपर पूर्ण झाल्यावर, तीन पेपरांवर पाऊण वाढ मिळत नाही. म्हणजे तुमची तारीख अकाउंटिंग ठरवणार, इकॉनॉमी लवकर सुटून ती अलीकडे येणार नाही. तरीही मी इकॉनॉमी आधी सांगितली, कारण ती चाळीस तासांत सुटते आणि मग पुढच्या सगळ्या फेऱ्यांत एकच पुस्तक टेबलावर उरतं. तुमच्याकडे एकच प्रयत्न उरला असता, तर क्रम उलटा सांगितला असता: आधी अकाउंटिंग, कारण तेव्हा दोन्ही एकाच वेळी सुटायला हवेत आणि अवघड कामाला उशीर परवडत नाही. चार प्रयत्न हातात असताना ती वेळ तुमच्यावर नाही.

इकॉनॉमीची पहिली सराव परीक्षा देऊन ‘ठा’ किती आणि त्यातले बरोबर किती, हे दोन आकडे कळवा. दोघांतला फरक आठच्या वर असेल तर अभ्यासाची पद्धतच बदलावी लागेल, तास वाढवून उपयोग नाही.